नवे टायर बसवताना वॉल्व्ह आणि सेन्सरचे किट का बदलावे?

प्रश्न: गाडीला चार नवे टायर बसवतोय. टायरवाला म्हणतो की सेन्सरच्या वॉल्व्हचं किट बदला आणि स्टेपनीचा रबरी वॉल्व्हही नवा घाला. पण जुन्यातून हवा अजिबात जात नाही. मग बदलायचं कशाला?

उत्तर:

बदलून घ्या. टायरवाला टायरमधल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर बदला असे म्हणत नसून त्याच्या भोवतीचे छोटे भाग बदला असे म्हणत आहे आणि ते योग्य आहे. ‘जुन्यातून हवा जात नाही’ ही गोष्ट खरी असली, तरी ती जुना भाग न हलवता जागेवर असेपर्यंतच खरी असते.

धातूच्या वॉल्व्ह-दांडीचा सेन्सर रिमच्या भोकात नटने आवळलेला असतो आणि हवा अडवण्याचे काम दांडीच्या बुडाशी असलेले रबरी ग्रोमेट करते. दाबलेले रबर मूळ आकारात परत येऊ पाहते आणि त्या परत येण्याच्या जोरावरच फट बंद राहते. ब्रेकची उष्णता सोसत पाच-सहा वर्षे दाबून राहिलेले रबर हा जोर गमावते आणि दाबलेल्या आकारातच कायमचे बसते. तरीही ते गळत नाही, कारण तोवर ते त्या भोकाच्या बारीकसारीक खाचखळग्यांवर तंतोतंत बसलेले असते. टायर काढताना नट सैल केला किंवा सेन्सर जरा फिरला की ही बैठक मोडते, आणि त्यानंतर नट कितीही आवळला तरी ती परत जुळत नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीत नेमके हेच घडले. सहा वर्षांनी टायर बदलले तेव्हा किट नको म्हणालो. मागच्या डाव्या चाकात सकाळी, गाडी थंड असताना, 33 पीएसआय हवा भरली होती. आठवड्याने त्याच वेळी मोजली तेव्हा ती 29 होती. नवा टायर रिमवर नीट बसला नसावा असे वाटून मी चाकाच्या सगळ्या कडेला साबणाचे पाणी लावले, तेथे काहीच दिसले नाही. मग वॉल्व्हच्या नटाभोवती पाणी सोडले, तेव्हा मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक येऊ लागले. मी नट थोडा आवळला आणि ते थांबले. ही माझी दुसरी चूक होती, कारण दोन दिवसांनी हवा पूर्वीपेक्षा वेगाने उतरू लागली. टायर उतरवून पाहिले तर ग्रोमेट चपटे व कडक झालेले होते, त्याच्या एका कडेला नटाच्या जादा दाबाने चीर गेली होती आणि रिमच्या भोकाभोवती ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी साचली होती. भोक साफ करून नवे किट बसवल्यावर महिनाभराने काटा 33 वरच होता. म्हणून अशा नटाखालून हवा जात असेल, तर तो आवळू नका; टायर खोलून ग्रोमेट बदला.

किटमध्ये साधारणपणे ग्रोमेट, वॉशर, नट, आतली वॉल्व्ह पिन आणि टोपी असते. यातल्या पिनकडे विशेष लक्ष द्या. सेन्सरची दांडी ॲल्युमिनियमची असेल, तर तिच्यासाठी निकेलचा मुलामा दिलेली पिन लागते. साधी पितळी पिन घातली आणि त्यात पाणी, विशेषतः खारट पाणी, शिरले की दोन वेगळ्या धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते आणि आटे एकमेकांत जाम होतात. माझ्याच गाडीच्या दुसऱ्या एका चाकात कोणीतरी पूर्वी पितळी पिन घातली होती; ती काढताना दांडीच मोडली. पितळी टोपीनेही हेच होते, म्हणून अशा दांडीवर प्लॅस्टिकची टोपी बरी.

बसवताना भोक स्वच्छ करून सेन्सर मोकळा न हलता रिमला टेकलेला ठेवावा आणि नट टॉर्क रेंचनेच आवळावा. बहुतेक सेन्सरसाठी हा आकडा 4 ते 8 न्यूटन मीटरच्या आसपास असतो, पण तो बनावटीनुसार बदलतो, म्हणून त्या सेन्सरच्या माहितीपत्रकातला आकडाच धरावा. हातातल्या पान्याचा अंदाज येथे फसतो, कारण एवढा जोर मनगटानेच ओलांडला जातो.

आता रबरी वॉल्व्ह. टायर काढताना तो फारसा हलत नाही, त्यामुळे येथे बदलण्याचे कारण वेगळे आहे: नव्या टायरइतकीच वर्षे तो टिकणार नाही आणि तो बदलण्यासाठी टायर पुन्हा रिमवरून सोडवावा लागेल. रबराला हवेतला ओझोन आणि ऊन चिरा पाडतात, आणि चाक फिरते तेव्हा त्या चिरांवर ताणही येतो. ताशी 100 किलोमीटर वेगाने, सामान्य मोटारीच्या रिमवर, वॉल्व्हपाशी वस्तूचे वजन सुमारे 160 पटींनी वाढल्यासारखे होते. म्हणजे 10 ग्रॅमची शोभेची धातूची टोपी दीड किलोहून अधिक जोराने रबरी दांडी बाहेरच्या बाजूला वाकवते आणि बुडाशी चाकाच्या मध्याकडचे रबर ताणले जाते. काही सेन्सर रबरी दांडीवरच स्क्रूने जोडलेले असतात. अशा सेन्सरचे वजन 30 ग्रॅम धरले तर तोच जोर जवळजवळ 5 किलो होतो. अशा सेन्सरची दांडी आणि स्क्रू प्रत्येक टायरबदलीला नवेच घ्यावेत.

तपासणी सोपी आहे. वॉल्व्ह अंगठ्याने हळूच दोन्ही बाजूंना वाकवा आणि बुडाशी पाहा. केसासारख्या चिरा उघडताना दिसल्या तर त्या गाडीवर तो ठेवू नका. नवा वॉल्व्ह ओढताना साबणाचे पाणी किंवा टायर बसवण्याची पेस्ट लावावी, इंजिन ऑइल किंवा ग्रीस कधीही नाही, कारण खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ होते. वॉल्व्हचे बुड टप्‌ आवाज करून भोकात बसले पाहिजे. साधे रबरी वॉल्व्ह मोटारीच्या हवेसाठी असतात. त्यांची मर्यादा 65 पीएसआय असते, म्हणून जादा हवा लागणाऱ्या चाकाला धातूचा वॉल्व्ह घ्या.

राहिला प्रश्न सेन्सरचा. त्याची बॅटरी सीलबंद असते, ती बदलता येत नाही आणि बहुधा पाच ते दहा वर्षे चालते. तुमचे सेन्सर सात-आठ वर्षांचे असतील, तर टायर रिमवरून उतरलेले असतानाच ते बदलण्याचा विचार करा. त्याआधी टायरवाल्याकडे सेन्सर वाचण्याचे यंत्र असेल, तर ते चालवून चारही सेन्सरचे सिग्नल येतात का ते पाहायला सांगा. नवा सेन्सर घातल्यास त्याचा क्रमांक गाडीला ओळखून द्यावा लागतो. नंतर डॅशबोर्डवरचा टायरच्या हवेचा दिवा गाडी सुरू करताच मिनिटभर लुकलुकून स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ हवा कमी असा नसून एखाद्या सेन्सरचा सिग्नल गाडीला मिळत नाही असा असतो. दिवा थेट स्थिर लागला, तर आधी साबणाचे पाणी घ्या आणि वॉल्व्हच्या बुडापासून सुरुवात करा.