पावसाची सुट्टी: ग्रुपवरच्या गप्पांतून नोटीस कशी काढायची

ऑफिसच्या ग्रुपवर येतं ते असं: "नरेंद्रनगरचा अंडरपास भरला, उद्या बंदच समजा, साहेबही तेच म्हणत होते." यात निर्णय कुठेच नाही. साहेबांना थेट विचार, बंद दिवसभर की दुपारपर्यंत, आणि पगार कापायचा का? उत्तर लेखी घे. जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिली म्हणजे खासगी ऑफिसला आपोआप लागू होत नाही. जास्तीत जास्त गोंधळ इथंच होतो.

मग लिही:

"मंगळवार, 14 जुलै रोजी हिंगणा रोडचं ऑफिस अतिवृष्टीमुळे दिवसभर बंद राहील. दिवस पगारी, रजेतून वजा होणार नाही. अकाउंट्सने घरून काम करावं. सिक्युरिटीची पाळी नेहमीप्रमाणे. बुधवारी 10 वाजता ऑफिस सुरू. बदल झाल्यास मंगळवारी संध्याकाळी 6 पर्यंत इथेच कळवू. – व्यवस्थापक"

"उद्या" कधीच लिहू नकोस. रात्री पावणेबाराचा मेसेज लोक सकाळी वाचतात, मग मंगळवारी कामावर येतात आणि बुधवारी घरी बसतात. सिक्युरिटीचं वाक्यही गाळू नकोस, नाहीतर गेटवर कोणीच नसतं.

ऑटो-बसच्या संपात बहुतेकदा ऑफिस बंद नसतंच. तेव्हा पहिलंच वाक्य "ऑफिस सुरू आहे" असं टाक, आणि "साडेअकरापर्यंत येणाऱ्यांना लेट मार्क नाही" हे पुढे जोड. संप योग्य की अयोग्य, यावर एक शब्दही नको.

नोटीस स्वतंत्र मेसेजमध्ये पाठव आणि पिन कर. गप्पांना रिप्लाय म्हणून टाकलीस तर खालच्या पन्नास मेसेजमध्ये ती बुडते.