साबणाचे भाव वाढवताना

अगं, रेट वाढवायचाय तर नवी बॅच ओतली की त्याच दिवशी सांगून टाक, कारण ती क्युअर व्हायला चार-सहा आठवडे जातातच, तेवढी नोटीस लोकांना आपसूक मिळते आणि रॅकवरचा जुना माल जुन्याच भावात संपतो. स्टोरी चोवीस तासात उडते, म्हणून पोस्ट टाकून पिन कर. साधं लिही, "खोबरेल महागलंय, १०० ग्रॅमची वडी १२० ची १४० होतेय, १ तारखेपासून. आधी बुक केलेल्यांना जुनाच भाव." माफी-बिफी नको, महागाईचं रडगाणं तर नकोच. आणि गुपचूप वडी बारीक करू नकोस हं, रोज हातात घेणाऱ्याला लगेच कळतं. नेहमीच्या गिऱ्हाइकांना मात्र पोस्टच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर वेगळं कळव.