शिळ्या पोळीची रील: वाफेचे चार सेकंद कापू नका

प्रश्न: मुलांच्या डब्यासाठी उरलेल्या पोळीचे तीन प्रकार अशी एक मिनिटाच्या आतली रील करते आहे. व्हॉइस-ओव्हरमध्ये काय बोलायचं आणि कॅप्शनमध्ये काय लिहायचं? गाणं कोणतं लावू?

गाण्याचं मला विचारू नका. तुमचा आवाज ऐकू येईल एवढं हळू लावा, बाकी काहीही चालेल.

व्हॉइस-ओव्हरबद्दल मात्र मला बोलायचंच आहे, कारण याच विषयाच्या रीलवरून माझं एका माणसाशी वाजलं होतं. मी नागपुरात दोन-तीन खाद्य पेजेससाठी लिहिते आणि आवाजही देते. गेल्या वर्षी शाळा उघडायच्या तोंडावर, म्हणजे आपल्या विदर्भात जून संपता संपता, एका पेजवाल्या दादांनी नेमकी हीच रील मागितली: फोडणीचा कुस्करा, गूळपोळीचा लाडू आणि रोल. शूटिंग त्यांचं, शब्द आणि आवाज माझा. कुस्कऱ्याच्या शेवटी मी एक वाक्य ठेवलं होतं: ‘आता ताटात पसरा, वाफ थांबली की मगच डबा भरा.’ त्यावर ताटातल्या कुस्कऱ्याचा चार सेकंदांचा शॉट होता. त्यांनी वाक्य आणि शॉट दोन्ही कापलं. म्हणाले, ‘ताई, इथं काहीच होऊन नाही राहिलं नं. लोकं स्क्रोल करून निघून जातेत.’ रीलमध्ये कढईतला वाफाळता कुस्करा थेट डब्यात पडला आणि झाकण लागलं. दिसायला सुंदरच होतं ते.

पहिल्या आठवड्यातच खाली कॉमेंट आल्या. डबा तसाच परत आला, उघडला तर गोळा झालेला, कांद्याचा वास येत होता. दादांनी उत्तर दिलं, ‘तेल थोडं कमी टाका.’ तेलाचा काही संबंध नव्हता. मी घरी एकाच कढईतला कुस्करा दोन सारख्या स्टीलच्या डब्यांत भरला, एक गरम असतानाच आणि दुसरा ताटात पसरून गार झाल्यावर. मधल्या सुट्टीच्या वेळेला दोन्ही उघडले. पहिल्याच्या झाकणाला आतून थेंब लोंबत होते, कडेचे तुकडे भिजून एकमेकांना चिकटले होते आणि चमचा घातला तर अख्खी वडी उचलली जात होती. दुसरा सुटा, दाणा दाणा वेगळा. दोन्हींचा व्हिडिओ दादांना पाठवला. तो त्यांनी कधीच टाकला नाही. त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच: रील पदार्थाची असते, डब्याची नाही. माझं म्हणणं उलटं आहे आणि आजही तेच आहे. डब्याची रील म्हणजे पदार्थ चार-पाच तासांनी गार झाल्यावर, झाकणाखाली राहून कसा लागतो त्याची रील. तव्यावर तर सगळंच चांगलं लागतं.

म्हणून व्हॉइस-ओव्हरमध्ये काय बोलायचं, तर जे डोळ्यांना दिसत नाही ते. ‘आता आपण कढई ठेवूया, त्यात तेल घालूया’ हे बोलूच नका, ते दिसतंच आहे. हाताला काय लागतं, किती वेळ, थांबायचं कधी आणि का, एवढंच बोला. मराठीत स्वयंपाकाचं सावकाश, समजेल असं बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द जातात. पन्नास-पंचावन्न सेकंदांच्या रीलला शंभरेक शब्द झाले. आधी आवाज रेकॉर्ड करा आणि मग त्याच्यावर व्हिडिओ कापा. उलटं केलं की शब्द कोंबावे लागतात. आणि रेकॉर्ड करताना कूलर बंद ठेवा. कानाला सवय झालेली असते म्हणून तो घरघर आवाज आपल्याला कळत नाही, मोबाइलला बरोब्बर कळतो.

मी आज लिहिला तर मजकूर असा लिहीन:

‘रात्रीच्या पोळ्या उरल्यात? दुपारच्या डब्यातही मऊ राहतील असे तीन प्रकार. पहिला, फोडणीचा कुस्करा. पोळ्या हातानेच तोडा, नखाएवढे तुकडे. पाण्याचा हबका मारून झाकून ठेवा. तोवर कांदा परता, त्याचं पाणी पूर्ण आटेपर्यंत. त्यात पोळी घालून तीन मिनिटं मंद आच. आता ताटात पसरा. वाफ थांबली की मगच डबा भरा, नाहीतर झाकणाला पाणी सुटतं आणि गोळा होतो. दुसरा, गूळपोळीचा लाडू. इथे पोळी मिक्सरमधूनच काढा. किसलेला गूळ, कोमट तूप. गूळ शिजवायचा नाही. मुठीत दाबल्यावर चुरा धरला, की वळा. तिसरा, रोल. पोळीला पाण्याचा हात लावा, तव्यावर गरम करा आणि गरम असतानाच गुंडाळा. गार पोळी गुंडाळली की चिरते. मापं खाली लिहिली आहेत.’

यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या फजितीवर ठेवलंय. कुस्कऱ्याची पोळी मिक्सरला लावली की खाली पीठ बसतं आणि वर मोठे तुकडे राहतात. पीठ फोडणीत चिकट होतं, तुकडे कोरडेच राहतात. म्हणून हाताने. पाण्याचा हबका म्हणजे चार पोळ्यांना दोन मोठे चमचे पाणी, वरून शिंपडून, दोन-तीन मिनिटं झाकण. रात्रभरात पोळी कडक होते ती नुसती वाळली म्हणून नाही. गार होताना पिठातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि धरलेलं पाणी सोडतो. ओल आणि उष्णता एकदम मिळाली की ती परत मऊ पडते, पण पुन्हा गार झाली की पुन्हा कडक होऊ लागते. डब्यात नेमकं हेच होणार असतं. म्हणून तुकड्यांना फोडणीचं तेल नीट लागायला हवं आणि शेवटी लिंबू पिळायला हवं. त्याने दुपारी घास कोरडा लागत नाही.

कांद्याचं वाक्य तर अजिबात काढू नका. अर्धकच्चा कांदा डब्यात पाणी सोडतो आणि उघडल्यावर आधी त्याचा वास येतो. मुलं डबा तिथेच बंद करतात, चव घेणं दूरच. कडा लालसर झाल्या आणि कढईत चर्र आवाज कमी झाला की झाला. टोमॅटो घालू नका, रंगासाठी तर मुळीच नाही.

आता ते चार सेकंद. ताटात पसरलेल्या कुस्कऱ्यावर डब्याचं झाकण मिनिटभर पालथं धरायचं. आतून धुकं आलं तर अजून थांबायचं, कोरडं निघालं तर भरायचं. हाच शॉट घ्या. झाकण उलटून कॅमेऱ्याला दाखवलं की ‘काहीच होत नाही’ ही तक्रार उरत नाही. पंख्याखाली पसरलं तर पोळी शेकेपर्यंत आणि वेणी घालून होईपर्यंत गार होतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

लाडवाचं फार सांगण्यासारखं नाही. गूळ वितळवून पाक केला की लाडू गार झाल्यावर दगड होतो आणि लहान मुलाच्या दातांना तुटत नाही, एवढंच सांभाळायचं. रोलमध्ये सुकी भाजी भरा. सॉस आणि काकडी घातली की पोळी आतून भिजते.

कॅप्शनला पहिली ओळच महत्त्वाची, कारण बाकी सगळं ‘आणखी’च्या मागे दडतं. तिथे ‘हे पाहून थक्क व्हाल’ लिहू नका. दादांचा त्यावर फार जीव होता. पण सकाळी सहाला ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला थक्क व्हायचं नसतं, डबा भरायचा असतो. कॅप्शन असं:

‘रात्रीच्या पोळीचे डब्यासाठी ३ प्रकार, दुपारी गार झाल्यावरही चांगले लागतात.
कुस्करा (२ छोटे डबे): ४ पोळ्या, १ मध्यम कांदा, २ चमचे तेल, मोहरी, कढीपत्ता, पाव चमचा हळद, तिखट, चिमूटभर साखर, लिंबू. कणकेत मीठ असतं, वरून बेतानं घाला.
लाडू: ४ पोळ्या, अर्धी वाटी किसलेला गूळ, ३ चमचे कोमट तूप, वेलची.
रोल: पोळी गरम असतानाच गुंडाळा, सुती रुमालात बांधा.
झाकण लावण्याआधी वाफ जाऊ द्या.’

मापं आवाजात बोलू नका. कुणी लक्षात ठेवत नाही, लोक कॅप्शन वाचायला थांबतात आणि रील सेव्ह करतात. स्क्रीनवर शब्द टाकायचे तर मध्यभागी टाका, अगदी खाली नको. खालच्या पट्टीत पेजचं नाव आणि कॅप्शन त्यांच्यावर येतं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. यातलं सगळं फक्त रात्रीच केलेल्या, पूर्ण गार करून झाकलेल्या साध्या पोळीसाठी आहे. आलूपराठा, दुधात भिजवलेल्या कणकेची पोळी किंवा भाजी लागलेली पोळी रात्रभर बाहेर राहिली असेल तर ती डब्यात नको. मार्च-एप्रिलमध्ये, सकाळच्या शाळेच्या दिवसांत, आपल्याकडे रात्रीसुद्धा घर तापलेलं असतं. तेव्हा साधी पोळीही फ्रीजमध्येच ठेवा. तिथे ती बाहेरपेक्षा जास्त कडक होते, पण पाण्याचा हबका आणि झाकण तिला परत आणतं. पोळी तोडताना बारीक चिकट तार सुटली, आंबूस वास आला किंवा एक जरी ठिपका दिसला, तर सगळी चवड टाकून द्या, तेवढा तुकडा काढून बाकीची वापरू नका. हे एक वाक्य कॅप्शनमध्ये जोडा.

शेंगदाणे मी मापात मुद्दाम लिहिले नाहीत. काही शाळांमध्ये चालत नाहीत, काही मुलांना सोसत नाहीत, आणि चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या डब्यात अख्खा दाणा घशात अडकू शकतो. घालायचेच तर कूट घाला.

आणि तुमची रील कापणारा कुणी म्हणाला की लांबते आहे, तर कांदा चिरतानाचा शॉट काढायला सांगा. तो सगळ्यांना येतो.