मैत्रिणीला कसं सांगू, की लग्नात त्याला आणू नकोस?

प्रश्न: डिसेंबरात माझं लग्न आहे. जवळची मैत्रीण तिच्या एक्सला घेऊन येणार म्हणतेय. ब्रेकअप झालंय, पण "आम्ही आता मित्र आहोत." साखरपुड्यात तो पिऊन माझ्या दादाशी भांडला होता. तिला न दुखावता नको कसं म्हणू?

उत्तर: आईच्या नावावर ढकलू नका, हे सगळ्यात आधी. मी तेच केलं होतं आणि तोंडावर आपटले.

माझं लग्न कोल्हापूरला होतं आणि हॉस्टेलची रूममेट मुंबईहून येणार होती. तिचं त्या मुलाशी तुटून आठ महिने झाले होते, तरी सगळीकडे दोघं जोडीनेच. त्याने तिला आम्हा सगळ्यांसमोर दोनदा रडवलं होतं. माझ्या हळदीत ते तिसऱ्यांदा बघायची माझी तयारी नव्हती. मी तिला म्हटलं, "माझं काही नाही गं, पण आईला नाही आवडणार." तिने सरळ आईलाच फोन लावला. "काकू, एका मित्राला आणलं तर चालेल ना?" आई रुखवताच्या पसाऱ्यात बसलेली. म्हणाली, "आण की! चारशे पानांत एक पान जड होतंय होय?" लग्नघरातली आई दुसरं काय म्हणणार? नको म्हणणारी मी एकटी उरले, वर खोटीही पडले. "ताटं मोजकीच सांगितलीत" हे कारणही याच जातीचं. हॉलभर माणसं जेवणार हे तिला माहीत असतं.

मग रात्री मी तिला परत फोन केला. मेसेज नाही, कारण मेसेज त्यालाही दाखवला जातो. आधी कबूल केलं की आईचं नाव मी उगाच घेतलं. मग म्हटलं, "मलाच तो नकोय. तू मात्र हवीच आहेस, हळदीच्या आदल्या रात्रीपासून." ती म्हणाली, "म्हणजे मी एकटीने यायचं?"

तिथे मला कळलं, प्रश्न त्याचा नव्हताच. महालक्ष्मी एक्स्प्रेसची रात्र एकटीने काढायची, सकाळी अनोळखी घरात उतरायचं, बाकीच्या मैत्रिणी नवऱ्यांबरोबर, आणि कुठली तरी मावशी विचारणार, "तुझं कधी?" तो असला की एवढं सगळं टळत होतं. म्हणून नुसतं "नको" म्हणून थांबू नका, त्याच्यामुळे जी सोय होणार होती ती तुम्ही करून द्या. माझ्या दोन मामेबहिणी दादरहून त्याच गाडीने येणार होत्या, तिची जागा त्यांच्याच डब्यात बघितली. झोपायची सोय त्यांच्याबरोबर. आणि हळदीच्या दिवशी माझ्या खोलीची किल्ली तिच्याकडे. हातात किल्ली असलेल्या मुलीला कुणी एकटी पकडून लग्नाचं विचारत नाही, तिच्यामागे आधीच दहाजणी असतात! तीन दिवस ती काही बोलली नाही. चौथ्या दिवशी मेसेज आला: "तिकीट एकच काढलंय."

तुमच्याकडे साखरपुड्याचं खरं कारण आहे, तेवढंच सांगा. "त्या दिवशी जे झालं, त्यानंतर तो समोर असला तर माझं सगळं लक्ष दादाकडे राहील. त्याला नको आणूस, प्लीज." इथेच थांबा. "तो आहेच तसला" किंवा "तुटलंय ना, मग कशाला फिरतेस त्याच्याबरोबर?" हे तोंडातून गेलं की ती त्याची वकिली करायला लागेल आणि तुमचं लग्न राहील बाजूला.

हे तिकिटं निघायच्या आधी बोला. रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे ती गाडीने येणार असेल तर त्याच्या आतच फोन झालेला बरा. दोन तिकिटं हातात असलेल्या माणसाला नको म्हणणं फार जड जातं. पत्रिकाही फोननंतरच पाठवा. तिच्यावर "सहकुटुंब सहपरिवार" छापलेलं असतं, आणि ते वाचून कुणी चौघांना आणलं तरी आपण बोलू शकत नाही. पाकिटावर एकट्या तिचं नाव घातलं की तिला इशारा कळेल, या भरवशावर मात्र राहू नका. असले इशारे कुणालाही कळत नाहीत.

तो तुमच्याही ओळखीचा असेल, त्याचा नंबर तुमच्याकडे असेल, तर त्याला तुम्ही स्वतः सांगा. तिच्याकरवी निरोप गेला तर त्याचा राग तिच्यावर निघेल. आणि एवढं करूनही तो दारात उभा राहिलाच, तर तुम्ही मुंडावळ्या बांधून काही बोलायला जाऊ नका. एखाद्या शांत डोक्याच्या काकांना आधीच सांगून ठेवा, त्याला पहिल्या पंगतीला बसवा आणि लवकर वाटेला लावा. दादाला मात्र त्या वेळी वऱ्हाडाच्या गाड्या बघायला पाठवा.