मीटिंगमधलं ‘बघू’ टर्म शीटमध्ये कसं लिहायचं?

*मॅडम, मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, डोंबिवलीला राहते आणि फोर्टमधल्या एका छोट्या लॉ फर्ममध्ये इंटर्नशिप करते. आमचा क्लायंट मुलुंडचा एक मसालेवाला आहे. तो गुंतवणूकदाराकडून पैसे घेतोय. तीन तास मीटिंग झाली आणि सरांनी मला समोरच्यांना पाठवायचा ओपन पॉइंट्सचा मेल आणि टर्म शीटचा ड्राफ्ट करायला सांगितला. मी चार पानं लिहिली. सरांनी ती परत दिली, ‘हे मिनिट्स आहेत, मेल नाही’ म्हणाले आणि त्यातले तीन ‘मान्य’ खोडले. माझं काय चुकलं? हे काम पुढे करिअर म्हणून धरण्यासारखं आहे का?*

आधी त्या तीन ‘मान्य’बद्दल बोलू. सरांनी ते का खोडले असतील, याचा मला अंदाज आहे, कारण हीच चूक मीही केली आहे. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात एका मीटिंगनंतर मी लिहिलं होतं, ‘कर्मचाऱ्यांसाठी दहा टक्के शेअर्स बाजूला ठेवायचे, दोघांनाही मान्य.’ आमच्या क्लायंटने तेव्हा फक्त मान हलवली होती. पुढच्या फेरीत समोरच्या वकिलांनी माझाच मेल वाचून दाखवला. क्लायंट माझ्याकडे बघत राहिला आणि मी टेबलाकडे.

आपल्याकडच्या मीटिंगमध्ये ‘हो हो’ म्हणजे बहुतेक वेळा ‘ऐकतोय’ आणि ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा ‘नाही’. म्हणून त्याच संध्याकाळी, लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेच, नोंदींचे तीन ढीग कर. पहिल्या ढिगात दोन्ही बाजूंनी स्पष्ट शब्दांत ठरवलेलं, दुसऱ्यात ज्यावर मतं वेगळी राहिली ते, आणि तिसऱ्यात ज्यावर कुणी बोललंच नाही पण प्रत्येकाने मनात काहीतरी धरलंय ते. सगळे ‘बघू’ दुसऱ्या ढिगात जातात. सगळ्यांत जास्त नुकसान तिसरा ढीग करतो.

तुमच्या सौद्याचे आकडे तू लिहिलेले नाहीस, म्हणून मी उदाहरण घेते. समज, मीटिंगमध्ये ठरलं, ‘आठ कोटींच्या व्हॅल्युएशनला दोन कोटी.’ हात मिळवले, चहा झाला. पण आठ कोटी हे पैसे येण्याआधीचं मूल्य की पैसे आल्यानंतरचं, हे कुणी विचारलंच नाही. कंपनीचे आज दहा हजार शेअर्स आहेत असं धर. आठ कोटी आधीचे असतील तर एक शेअर 8,000 रुपयांचा, गुंतवणूकदाराला 2,500 नवे शेअर्स, म्हणजे कंपनीत 20 टक्के. आठ कोटी नंतरचे असतील तर आजची कंपनी सहा कोटींची ठरते. शेअर 6,000 रुपयांचा होतो, गुंतवणूकदाराला साधारण 3,333 शेअर्स मिळतात आणि त्याचा वाटा 25 टक्के होतो. वाक्य एकच, आणि पाच टक्के मालकी इकडून तिकडे. म्हणून मेलमध्ये नुसतं ‘व्हॅल्युएशन आठ कोटी’ लिहायचं नाही. खाली चार ओळींचं शेअरहोल्डिंगचं टेबल लावायचं, गुंतवणुकीआधी आणि नंतर. शब्दांत लपलेला मतभेद टेबलात लगेच दिसतो. समोरून ‘टेबल चुकलंय’ असा फोन आला तर उत्तमच, कारण तो मतभेद आज कळला, करारावर सह्या करताना नाही.

आता मेल. मिनिट्समध्ये कोण काय म्हणालं ते क्रमाने येतं. या मेलमध्ये फक्त सौदा कुठवर आलाय ते यायला हवं. प्रत्येक ओपन पॉइंटला चार गोष्टी पुरतात: मुद्दा, त्यांचं म्हणणं, आमचं म्हणणं, पुढचं पाऊल कुणी कधीपर्यंत उचलायचं. मेल अर्थात इंग्रजीत जाईल, पण घाट असा:

‘कर्ज घेण्यासाठी गुंतवणूकदाराची पूर्वसंमती. तुमचं म्हणणं: दहा लाखांच्या वरच्या प्रत्येक कर्जाला हवी. आमचं म्हणणं: मिरची-हळदीच्या हंगामात खरेदीसाठी मोठं खेळतं भांडवल लागतं, म्हणून मर्यादा पन्नास लाख असावी. मागच्या दोन हंगामांतल्या खरेदीचे आकडे आम्ही शुक्रवारपर्यंत पाठवतो.’

यात त्यांचं म्हणणं त्यांना स्वतःलाही पटेल इतक्या प्रामाणिकपणे मांडायचं. तिथे ‘अवास्तव मागणी’ असलं विशेषण घातलंस तर उत्तरात मुद्द्याऐवजी विशेषणावर वाद येतो.

टर्म शीट म्हणजे सौद्याच्या मुख्य अटींचा कागद. त्याचा ड्राफ्ट आपण पाठवतोय, म्हणजे पेन आपल्या हातात आहे. हा मोठा फायदा असतो, कारण जे कलम समोरच्याला खटकत नाही ते आपल्याच शब्दांत राहून जातं. पण जे ठरलं नाही ते ठरल्यासारखं गुपचूप घुसवायचं नाही. एकदा पकडलं गेलं की पुढचा प्रत्येक ड्राफ्ट ते भिंगातून वाचतात. न ठरलेलं सगळं चौकटी कंसात टाक: ‘[पन्नास लाख]’. कंस म्हणजे हा आमचा प्रस्ताव आहे, यावर बोलायचंय. मधला आकडा, समज पंचवीस लाख, क्लायंटने लेखी होकार दिल्याशिवाय लिहायचा नाही. आणि तो सोडायचाच असेल तर दुसऱ्या कशाशी तरी बांधून सोडायचा, उदाहरणार्थ ‘बोर्डवर तुमचा एकच संचालक असेल तर पंचवीस लाख’. सुटा सोडलेला आकडा परत मागता येत नाही.

वरच्या बाजूला लिही की हा कागद चर्चेसाठी आहे, अंतिम करारावर सह्या होईपर्यंत तो कुणावर बंधनकारक नाही, आणि अपवाद फक्त गोपनीयता, एक्सक्लुझिव्हिटी, खर्च आणि मुंबईतल्या न्यायालयांचं अधिकारक्षेत्र. हे वाक्य औपचारिकता वाटतं, तशी ती नाही. 2010 मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता अॅल्युमिनियम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा ईमेलच्या देवाणघेवाणीतूनच पक्का झाला असं धरलं. औपचारिक करारावर सह्या झाल्या नव्हत्या, तरीही. काही इंटर्न या जागी ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहितात. ते भांडण मिटवण्याच्या बोलण्यांसाठी असतं. इथे ‘सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट’ लागतं.

एक्सक्लुझिव्हिटी बंधनकारक असते, म्हणून तिला शेवटची तारीख घालच. ‘ड्यू डिलिजन्स पूर्ण होईपर्यंत’ असं लिहिलं तर तुमचा मसालेवाला दुसऱ्या कुणाशी बोलू शकत नाही आणि इकडे चौकशी संपतच नाही. पंचेचाळीस दिवस, तारखेसह, पुरे झाले.

पाठवण्याआधी क्लायंटला दाखव. मग फाइलमधले ट्रॅक चेंजेस आणि सरांच्या कॉमेंट्स काढल्यात ना, ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघ. ‘इथे आपण नमू’ अशी कॉमेंट समोर गेली तर पुढे बोलायला काही उरत नाही.

करिअरचं म्हणशील तर हे काम लॉ फर्मच्या कॉर्पोरेट टीममध्ये रोजचं आहे, कंपन्यांच्या लीगल विभागातही. फोर्ट, लोअर परळ, बीकेसी, सगळीकडे. कंपनी सेक्रेटरीचा अभ्यास जोडलास तर शेअर्स आणि बोर्डचा भाग सोपा जाईल, पण त्यासाठी हे काम थांबत नाही. कोर्टात उभं राहायची ओढ असेल तर मात्र इथे कंटाळशील, इथे दिवस वर्ड फाइलमध्ये जातो.

सरावाला सौदा शोधत बसू नकोस. ओळखीत कुणी अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर घर घेत असेल तर घरमालकाशी बोलताना शेजारी बस. डिपॉझिट, लॉक-इन, सोसायटीचा मेंटेनन्स, रंगकामाचा खर्च यांचे तीन ढीग कर आणि एका पानाचा मेल लिही. तो सरांकडे नको, मला पाठव. किती ‘मान्य’ खोडावे लागतात ते बघू. आणि हे ‘बघू’ खरं आहे.