जी-नाईन केळीच्या बागेत मधेच बुटकी झाडं का निघतात

प्रश्न: जूनमध्ये टिश्यूची १४५० जी-नाईन लावली. आता तीन महिने झाले तर त्यातली ५०-५५ झाडं एकदम बुटकी, पानं एकावर एक दाटलेली. नर्सरीवाला म्हणतो पाणी-खत कमी पडलं. खरंच असं असतं का की रोपातच घोळ आहे? लॅबमध्ये नेमकं काय करतात?

उत्तर:

मी सहा वर्षं जळगाव भागात एका टिश्यू लॅबमध्ये आणि नंतर त्यांच्याच हार्डनिंग शेडवर काम केलंय, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. आधी एक बघा, ती बुटकी झाडं एका जागी गोळा आहेत की बागेत विखुरलेली? लॅटरलच्या शेवटी किंवा उंचवट्यावर सलग असतील तर पाणी-खताचं कारण असू शकतं. पण एक इथे, मग पंधरा झाडं सोडून दुसरं, आणि बाजूचं झाड त्याच ड्रिपवर कमरेएवढं झालंय, असं असेल तर पाण्याला दोष देऊन उपयोग नाही. लॅबमधलं कळलं की हे विखुरणं कुठून येतं तेही कळेल.

सुरुवात चांगल्या घडाच्या, रोग नसलेल्या मातृझाडाच्या मुनव्यापासून होते. त्याचे थर सोलत सोलत आतला दोन-तीन सेंटीमीटरचा कोंब उरतो, तो निर्जंतुक करून बाटलीत ठेवतात. बाटलीत मुराशिगे-स्कूग मीडियम, साखर लिटरला ३० ग्रॅम, अगार, आणि बीएपी नावाचं सायटोकायनिन, लिटरला साधारण ३ ते ५ मिलीग्रॅम. कोंब कापला की तपकिरी रस सोडतो, त्यात बरेच कोंब मरतात, काही बुरशीने जातात. जे राहतात त्यांना बाजूने फुटवे येतात, तीन-चार आठवड्यांनी ते फुटवे वेगळे करून नव्या बाटलीत, परत फुटवे, परत वेगळे. याला आम्ही पॅसेज म्हणायचो. पुरेसे झाले की शेवटी बीएपी काढून मुळं आणायचं मीडियम देतात, त्यात आयबीए किंवा एनएए आणि बऱ्याचदा कोळशाची पूड. महिन्याभरात मुळं येतात.

आता खरी गोष्ट. दर पॅसेजला एकाचे तीन होतात असं धरा. आठ पॅसेजला एका कोंबाचे ६,५६१ होतात, दहाला ५९,०४९. म्हणजे फक्त दोन पॅसेज वाढवले की नऊपट माल, नवा मुनवा आणायचा नाही, निर्जंतुकीकरणात कोंब मरायची भीती नाही, मालकाला मोह होणारच ना. म्हणूनच आठच्या आसपास थांबायचं असा दंडक आहे, आणि तो मोडला जातो कारण बाटलीकडे बघून हा पाचवा की बारावा पॅसेज ते कुणालाच कळत नाही, फक्त लेबलवर लिहिलेलं असतं.

पॅसेज वाढले की काय बिघडतं? बीएपीच्या जोरावर कोंब नेहमीच्या बगलेतल्या डोळ्यातूनच फुटेल असं नाही, भलत्या पेशीतूनही नवा डोळा तयार होतो, आणि त्या पेशीत जनुकीय गडबड झालेली असेल तर ते अख्खं रोप तसंच होतं. यालाच सोमाक्लोनल व्हेरिएशन म्हणतात, शेतकरी नुसतं ‘ऑफ टाइप’ म्हणतात. समजा तिसऱ्या पॅसेजला २७ कोंब होते आणि त्यातला एक बिघडला. तोही इतरांसारखाच तिपटीने वाढत जातो, आठव्या पॅसेजला ६,५६१ मधली २४३ रोपं त्याची, म्हणजे साधारण पावणेचार टक्के. तोच बिघाड सातव्या पॅसेजला झाला असता तर शेवटी फक्त तीन रोपं खराब निघाली असती. तुमच्या १४५० मधली ५५ म्हणजे ३.८ टक्के. यावरून काही सिद्ध होत नाही, पण असा आकडा कसा येतो ते दिसतं. आणि सगळ्या बाटल्या शेडमध्ये एकत्र मिसळतात, म्हणून ती झाडं बागेत विखुरलेली सापडतात.

कॅव्हेंडिश गटात सगळ्यात जास्त निघणारा ऑफ टाइप बुटकाच असतो. गंमत म्हणजे आपली जुनी बसराई हीसुद्धा याच गटातली बुटकी केळी, अशाच आपोआप झालेल्या बदलातून आलेली, फक्त तो बदल शेतात झाला. रावेरकडचे एक जुने बागायतदार आमच्या शेडमध्ये येऊन काही पिशव्यांकडे बोट करून म्हणाले होते, “अरे, ही तर बसराई दिसते!” त्यांचं बरोबर होतं, आम्ही ती उचलून टाकली.

नर्सरीवाला हार्डनिंगचं कारण पण पुढे करेल, म्हणून तेही सांगतो. बाटलीतलं रोप ओलाव्यात वाढलेलं, त्याच्या पानावर मेण जवळजवळ नसतं आणि पानाची छिद्रं नीट मिटत नाहीत, बाहेर काढलं की पाणी धरून ठेवता येत नाही. म्हणून आधी कोकोपीटच्या ट्रेमध्ये, झाकलेल्या दमट जागेत चार-सहा आठवडे, आणि मग पिशवीत शेडनेटखाली अजून दीड-दोन महिने. एका मे महिन्यात दुपारी लाइट गेली, जनरेटर सुरू होईना, फॉगर बंद, दोन तासांत हजारो रोपं माना टाकून बसली, त्यातली निम्मी नंतर वाचली. पण वाचलेली रोपं नवी पानं टाकली की सरळ होतात. महिना-दीड महिना चांगलं पाणी-खत देऊनही तुमची झाडं सरळ होत नसतील तर तो हार्डनिंगचा धक्का नाही.

आता शेतात ओळखायचं कसं. बुटक्या झाडाचं आणि शेजारच्या चांगल्या झाडाचं वरून तिसरं पान घ्या, लांबीला रुंदीने भागा. बुटक्याचा आकडा स्पष्ट कमी येतो, कारण पान आखूड आणि रुंद असतं, देठही आखूड, त्यामुळे पानं दाटतात. पानं उलट अरुंद, उभी आणि कडेला पिवळी असतील, आणि देठावर गर्द हिरव्या तुटक रेघा दिसत असतील तर तो पर्णगुच्छ, म्हणजे व्हायरस. पानावर पिवळे पट्टे आणि आतला कोंब सडतोय तर हरण्या. या दोन्हीपैकी काहीही असेल तर झाड लगेच उपटून नष्ट करा, हे रोग मावा पसरवतो.

नुसता बुटका ऑफ टाइप संसर्गाने पसरत नाही. पण निसवताना घड अडकतो, त्यामुळे माझ्या मते ती झाडं ठेवू नका. आता नांगी भरायला उशीर झालाय, नवी रोपं शेजारच्या सावलीत मागेच राहतील, त्यामुळे जागा रिकामी राहिली तरी चालेल. ठेवायचीच असतील तर त्यांच्यावर आत्ताच रंगाची खूण करा आणि पीलबागेसाठी त्यांचं पील अजिबात धरू नका, पील पण बुटकंच येणार.

भरपाई मागायची असेल तर झाडं काढण्याआधी फोटो काढा, शेजारचं चांगलं झाड आणि मोजपट्टी एकाच फोटोत, सोबत बिलावरचा बॅच नंबर. लॅबला लेखी विचारा की ही बॅच कितव्या पॅसेजची आणि शेडमध्ये रोपं पाच-सहा पानांवर असताना बुटकी वेगळी काढून टाकली होती का. बुटकं रोप ओळखायची सगळ्यात सोपी वेळ तीच असते, तुमच्याकडे यायच्या आधीची.