कुंदा, मांडे आणि ‘कोण तो?’

‘मॅडम, मला एक मुलगी आवडते. तिला अजून तसं काही बोललो नाही. परवा ती सहज म्हणाली, “ऑफिसातला एक जण रोज माझ्यासाठी कुंदा आणतोय.” मला हसून काहीतरी मस्त बोलायचं होतं, खरं तोंडातून निघालं, “कोण तो?” तिचा चेहराच पडला. अशा वेळी काय बोलायचं, म्हणजे जळतोय असं वाटणार नाही?’

हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला निपाणीहून कोणी येतं, चिकोडीहून कोणी येतं. कधी विचारणारी मुलगी असते. कुंदा ही आमच्या बेळगावची मिठाई, पण तिच्या जागी कुठे इन्स्टाग्रामवरचे लाईक असतात, तर कुठे रोज बुलेटवरून घरी सोडणारा मित्र. इथली गोष्ट खानापूरच्या एका मुलाची आहे. त्याच्या परवानगीने सांगते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय चोवीस, बेळगावच्या उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये मशीनवर काम. ती टिळकवाडीत एका ऑफिसात हिशेब बघते. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी दुसऱ्या रेल्वे गेटजवळ चहा, आणि उरलेल्या दिवशी व्हॉट्सॅप.

पहिल्याच भेटीत त्याने फोन पुढे केला. तिचा मेसेज होता, ‘आज पण कुंदा! मी तर जाड होतो आता.’ (आमच्याकडे मुलीही ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात, बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये.) त्याखाली दोन मिनिटांत याचे तीन मेसेज होते. ‘कोण?’ ‘कुठला हाय?’ ‘लग्न झालंय काय त्याचं?’ मग तिचा मेसेज, ‘तू पोलीस हायस काय?’ त्यावर याचा, ‘सहज विचारलो.’ आणि नंतर दोन दिवस सामसूम.

‘कोण तो?’ हे शब्द वाईट नाहीत. आईनेही तेच विचारलं असतं. बिघडलं ते असं, की तिने सांगितली होती स्वतःची गोष्ट. मला कोणीतरी लाडाने खाऊ आणतंय, मजा वाटते आहे. याचे तिन्ही प्रश्न मात्र त्या माणसाबद्दलचे. बोलणं तिच्यावरून उठून त्याच्यावर जाऊन बसलं. एका प्रश्नाला माणूस उत्सुकता समजतो. तिसऱ्या प्रश्नाला ती चौकशी होते, आणि चौकशी करायचा हक्क याला अजून कोणी दिलेला नव्हता.

दुसऱ्या भेटीला त्याला वहीचं पान दिलं आणि म्हटलं, त्या दिवशी काय बोलता आलं असतं ते लिही. सुचेल ते, चांगलं-वाईट न बघता. त्याने चार उत्तरं लिहिली. मग प्रत्येकाखाली एकच गोष्ट लिहायला सांगितली. या वाक्यातली कोपरखळी कुणाच्या बरगडीत बसते?

पहिलं उत्तर होतं, ‘रोज कुंदा आणतो म्हणजे काम काही करतो की नाही तो?’ कोपरखळी त्या कुंदेवाल्याला. बहुतेक मुलांना हेच आधी सुचतं, आणि याच्यासारखा तोटा दुसऱ्या कशात नाही. प्रतिस्पर्ध्याची टिंगल केली की तिला त्याची बाजू घ्यावी लागते. ‘नाही रे, चांगला आहे तो,’ असं ती म्हणते, आणि त्या माणसाची वकिली तिच्या तोंडून सुरू होते. ती आपणच लावून दिलेली असते.

दुसरं, ‘खा, खा, दारातून आत येणार नाहीस मग.’ कोपरखळी तिला. ती स्वतः जाड होण्यावर विनोद करू शकते, आपण करू नये. तिसऱ्यात एक सुस्कारा होता, ‘आम्हा गरिबांकडं कोण बघतंय.’ कोपरखळी स्वतःला. वरवर नम्र वाटतं, पण आता तिने हसायचं की याची समजूत घालायची? दोन-तीनदा असं झालं की ती अशा गोष्टी सांगणंच थांबवते, आणि मुलगा म्हणतो, ती माझ्यापासून लपवते.

चौथं त्याने जवळजवळ खोडलं होतं. ‘मला पण एक तुकडा ठेव की.’

‘हे का खोडलंस?’

‘ह्यात काय नाही मॅडम. ह्यात मी त्याला काहीच बोललो नाही.’

म्हणूनच ते चारांत उजवं होतं. कोपरखळी कुणालाच नाही, विनोद कुंद्याचा. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या. माणसं जोडणारा, स्वतःला उभारी देणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःला पायदळी तुडवणारा. याच्या पहिल्या तीन उत्तरांत शेवटच्या दोन तऱ्हाच भरल्या होत्या. ही वर्गवारी मी समोरच्याला सहसा सांगत नाही, बरगडीचा प्रश्न पुरतो. पण तो प्रश्न आला तिथूनच.

आता ‘मला पण एक तुकडा ठेव’ हे पाठ करून तो बाहेर पडला असता तरी फारसं बिघडलं नसतं. अनेक जण तेवढंच घेऊन जातात. पण पाठ केलेलं वाक्य पोट आवळलेलं असताना बाहेर पडलं, की आवाजच चुगली करतो. समोरासमोर ‘बरं’ एवढा शब्दसुद्धा शेवटाला खाली पडला तर रागाचा वाटतो. म्हणून आधी घोटभर चहा घ्यायचा, घोट गिळला की बोलायचं. तेवढ्या दोन सेकंदांत घशातली धार जाते. आणि बोलून झालं की गप्प बसायचं. त्याची खोड अशी, की विनोद केला की लगेच शेपूट जोडायचं, ‘मस्करी केलो हं, मनावर घेऊ नको.’ शेपूट जोडलं की मनावर घेण्यासारखं काहीतरी होतं हे आपणच कबूल करतो. व्हॉट्सॅपवर तर आवाजही नसतो, म्हणून तिथे तिरकस बोलणं टाळावं. एक ओळ, आणि तिचं उत्तर येईपर्यंत दुसरी नाही.

तिसऱ्या भेटीतला एक प्रसंग मात्र नीट सांगायला हवा, कारण सगळं वळण तिथे आहे. तो तणतणतच आला. कुंदेवाल्याने आता गोकाकचं करदंट आणलं होतं.

‘मॅडम, ती त्याची झाली तर?’

‘आज ती कुणाची आहे?’

‘…कुणाचीच नाही.’

‘तुझी?’

तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘मी तिला विचारलोच नाही अजून. तो निदान कुंदा तरी आणतोय.’

मी त्या वेळी काही बोलले नाही, आणि त्याचं मला अजून बरं वाटतं. आपला राग कुंदेवाल्यावर नाही, आपण आठ महिने चहा पीत राहिलो त्याच्यावर आहे, हे त्याचं त्याला दिसलं. अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकापासून सांगितलेली गोष्ट मी रोजच्या कामात वापरते: घटना आणि भावना यांच्या मध्ये एक विचार बसलेला असतो, आणि पेटवतो तो विचार. घटना होती एक डबा कुंदा. मधला विचार होता, ‘माझं हिरावून घेतलं जातंय.’ तो विचार खरा नव्हता, कारण ‘माझं’ असं काही अजून ठरलंच नव्हतं. विचार ढिला झाल्याशिवाय कितीही चतुर वाक्य दिलं तरी ते दात विचकल्यासारखं वाटतं.

पाच-सात मिनिटं गेली असतील. तो एकदम स्वतःशीच हसला. ‘बघा की, तिला कुंदा, आणि मी बसलोय मनातले मांडे खात.’

‘हे लिही,’ मी म्हटलं.

बेळगावचे मांडे म्हणजे लग्नाकार्यातला मान, आणि मनातले मांडे तर मराठीत सगळेच खातात. पण या वाक्याचं काम नीट बघण्यासारखं आहे. कुंदेवाल्याला धक्का नाही. ‘तुला कुंदा मिळतो’ यात तिच्या मजेला मान आहे. स्वतःवर हसणं आहे, पण रडगाणं नाही. ‘आम्हा गरिबांकडं कोण बघतंय’ म्हणणारा दयेची वाट बघतो, मनातले मांडे खाणारा आपली इच्छा कबूल करतो. आणि शेवटी दार किलकिलं राहतं. तिला वाटलं तर विचारेल, कसले मांडे? नाही वाटलं तर हसून सोडून देईल, आणि दोघांचीही लाज राहील.

तीर लागला की नाही, हे तिच्या पुढच्या वाक्यावरून कळतं. ती विनोद पुढे नेते, त्यात आपली भर घालते, तेव्हा तो पोचला. ती ‘तसं काही नाही रे’ म्हणाली, तर तिला विनोदात आरोप ऐकू आला. तिथे दुसरा विनोद करून सावरायला जाऊ नये. ‘असू दे की, मला ऐकायला मजा वाटली,’ एवढं म्हणून तिच्या दिवसाबद्दल विचारावं. तिने विषयच बदलला तर आपणही बदलावा. आणि तोच विनोद जपून वापरावा. पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा चालतं, तिसऱ्या खेपेला तो टोमणा होतो.

काही ठिकाणी विनोद करूच नये. ‘तो रोज बस स्टॉपवर थांबतो, रात्री मेसेज करतो, नको म्हटलं तरी ऐकत नाही,’ असं ती सांगत असेल, तर ही चाहत्याची बातमी नाही, त्रासाची आहे. तिथे एकच वाक्य, ‘तुला काय हवं, मी काय करू?’ आणि ठरवायचं तिने. प्रकरण ऑफिसातलं असेल तर २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, हेही सांगून ठेवावं. परस्पर जाऊन दम देणं हा मालकी हक्कच, फक्त मदतीचे कपडे घातलेला. आणि ती सरळ म्हणाली, ‘मला पण तो आवडतो,’ तर ते उत्तर आहे. त्यावर मांड्यांची कोटी करणं म्हणजे ऐकलं नाही असं दाखवणं.

खानापूरचा मुलगा पुढच्या आठवड्यात संधीची वाट बघत होता, आणि ती संधी गेटजवळच्या चहाला आपसूक आली. करदंट संपलं, आता परत कुंदा सुरू झाला, असं ती म्हणाली. याने घोट घेतला.

‘बरं हाय की. तुला कुंदा, मला मनातले मांडे.’

‘कसले रे मांडे?’

शेपूट जोडायचं नाही हे त्याला आठवलं, पण पुढे काय बोलायचं ते आम्ही ठरवलंच नव्हतं. मिरजेकडे जाणारी गाडी येत होती, गेट पडलं होतं, आणि तिला ऐकू यावं म्हणून त्याला ते चक्क ओरडून सांगावं लागलं.